१३४ की १४२? गच्चीवरच्या इन्सुलेशन बोर्डांची मोजणी

मुलुंड पूर्वेतली चार मजली सोसायटी. सगळ्यात वरच्या मजल्यावरची घरं एप्रिल-मे महिन्यांत रात्री उशिरापर्यंत तापलेली असायची, कारण दिवसभर उन्हात भाजलेला स्लॅब ती उष्णता रात्रभर खाली सोडत राहतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं ठरलं, तेव्हाच त्यावर इन्सुलेशनचा थर घालून घ्यावा, असं सभेत मंजूर झालं. रचना नेहमीचीच होती. स्लॅबवर उतार दिलेला विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर ५० मिमी जाडीचे एक्सपीएस म्हणजे कडक फोमचे बोर्ड, मग जिओटेक्स्टाइल कापड, वर जाळी घातलेलं सिमेंटचं अस्तर आणि शेवटी चायना मोझॅक.

ठेकेदाराने बोर्डांचे १७ गठ्ठे लिहून दिले. या जाडीच्या एका गठ्ठ्यात ८ बोर्ड, म्हणजे १३६ नग. सोसायटीने मला विचारलं ते एवढंच, की हा आकडा बरोबर आहे का. पाऊस तोंडावर आला होता. मध्येच माल कमी पडला असता तर सात-आठ बोर्डांसाठी वेगळा टेम्पो बोलवावा लागला असता आणि तोवर गच्चीचा एक कोपरा उघडा राहिला असता.

आधी मापं सांगतो. कठड्याच्या आतून गच्ची १२.६० मीटर लांब आणि ९.१५ मीटर रुंद. पण बोर्ड कठड्याला भिडत नाहीत. भिंत आणि कोबा जिथे मिळतात तिथे सिमेंटची गोलाई असते, वॉटरप्रूफिंग तिच्यावरून भिंतीवर चढतं आणि बोर्ड गोलाईच्या पायथ्याशी थांबतो. इथे गोलाई प्रत्येक बाजूला ७५ मिमी होती. म्हणून बोर्डांसाठी खरी जागा उरते १२.४५ बाय ९.०० मीटर. एका कोपऱ्यात जिन्याची केबिन आहे. तिच्या भोवतालच्या गोलाईसकट ती गच्चीच्या लांबीत ४.७५ मीटर आणि रुंदीत २.६० मीटर खाते. पाण्याची टाकी केबिनच्या डोक्यावर असल्यामुळे खाली दुसरा अडथळा नव्हता. ११२.०५ चौरस मीटरमधून केबिनचे १२.३५ वजा केले की ९९.७० चौरस मीटर उरतात.

जुन्या इमारतीची गच्ची गुण्यात, म्हणजे नेमकी काटकोनात असेल असं कधीही गृहीत धरू नये. दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी टेप लावली, तेव्हा तिन्ही मापांत तीन-चार सेंटीमीटरचा फरक निघाला. मोजणीसाठी त्यातलं सगळ्यात मोठं माप घेतलं. वर दिलेले आकडे तेच आहेत.

आता ठेकेदाराचा हिशेब. त्याच्या कोटेशनमध्ये बोर्डाचं माप १२५० बाय ६०० मिमी लिहिलं होतं. ९.०० मीटर रुंदीत ६०० मिमीच्या बरोबर १५ ओळी बसतात. १२.४५ मीटर लांबीला १२५० चे १० बोर्ड पुरतात आणि शेवटच्या बोर्डाचे पाच सेंटीमीटर कापून उरतात. गच्ची जणू बोर्डासाठीच बांधली होती. पंधरा दाहे दीडशे, त्यातून केबिनच्या जागेचे १६ वजा, राहिले १३४. वरचे २ तुटफुटीला आणि १७ गठ्ठे पुरे. हिशेबात बेरीज-गुणाकाराची चूक कुठेही नाही. प्रश्न त्या १२५० बाय ६०० चा आहे.

गच्चीवर घालायच्या एक्सपीएस बोर्डाची कड सहसा सरळ उभी कापलेली नसते. चारही बाजूंना ती पायरीसारखी असते. शेजारच्या दोन बाजूंना खालची अर्धी जाडी बाहेर येते आणि उरलेल्या दोन बाजूंना वरची अर्धी जाडी. एका बोर्डाची वरची कड दुसऱ्याच्या खालच्या कडेवर बसते आणि सांधा झाकला जातो. हा लॅप आवश्यकच असतो. तो नसेल तर वरच्या अस्तराचं ओलं सिमेंट सांध्यातून थेट खाली उतरतं, वाळून कडक होतं आणि प्रत्येक सांध्यात उष्णतेला खाली जायला वाट तयार होते. पण लॅपमध्ये गेलेला भाग दोनदा मोजला जातो, आणि गच्ची मात्र तो एकदाच झाकतो.

मग कोटेशनमधलं माप कशाचं? काही कंपन्या बोर्डाचं एकूण माप लिहितात, म्हणजे एका टोकाच्या कडेपासून दुसऱ्या टोकाच्या कडेपर्यंत. काही कंपन्या बोर्ड प्रत्यक्षात जेवढी जागा झाकतो तेवढं माप लिहितात. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. हे बोर्डावर टेप लावल्याशिवाय कळत नाही. त्याची एक सोपी खूण आहे. बोर्ड सपाट ठेवायचा आणि फक्त वरचा पृष्ठभाग मोजायचा, खालून डोकावणारी अर्धी कड सोडून. तेच झाकणारं माप. डीलरकडून एक नमुना बोर्ड मागवला. एकूण लांबी १२५०, वरचा पृष्ठभाग १२३५. एकूण रुंदी ६००, वरचा पृष्ठभाग ५८५. म्हणजे लॅप १५ मिमीचा आणि लिहिलेलं माप एकूण होतं.

इथेच निकाल लागतो. १२३५ बाय ५८५ म्हणजे ०.७२२५ चौरस मीटर. १३६ बोर्ड गुणिले ०.७२२५ केलं तर ९८.२६ चौरस मीटर होतात, आणि गच्ची आहे ९९.७०. एकही बोर्ड न कापता, एकही कोपरा न मोडता अंथरले असते तरी १७ गठ्ठे पुरले नसते. उलट १२५० बाय ६०० हे झाकणारं माप असलेला बोर्ड असता, तर याच गच्चीला ओळ-ओळ मोजून १३५ बोर्ड लागतात, म्हणजे ठेकेदाराचे १७ गठ्ठे नेमके बसले असते. त्याने याआधी तसा बोर्ड वापरला असावा. त्याचा आकडा बरोबर होता, पण दुसऱ्या बोर्डासाठी.

आता खरी मोजणी. क्षेत्रफळाला ०.७२२५ ने भागलं की १३८ येतात, पण बोर्ड पाण्यासारखा कोपऱ्यात पसरत नाही. तो ओळीत बसतो आणि ओळीच्या शेवटी कापला जातो. म्हणून ओळींप्रमाणेच मोजायला हवं, आणि त्याआधी बोर्ड कोणत्या दिशेने घालायचे ते ठरवायला हवं.

पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो तो गच्चीच्या लांबीला समांतर घालण्याचा. १२.४५ मीटरच्या ओळीत १२३५ चे १० बोर्ड १२.३५ पर्यंत पोचतात आणि शेवटी १०० मिमी उरतात. प्रत्येक लांब ओळीच्या टोकाला एक कापलेला तुकडा बसवावा लागणार, आणि पहिल्या ओळीत तो बोटभर लांबीचाच असणार. असा तुकडा कठड्याच्या गोलाईजवळ धड बसत नाही. अस्तर ओतताना तो उचलला जातो किंवा सरकतो, आणि नेमका कडेला पोकळपणा राहतो. शिवाय कापून उरलेला भाग पुढच्या ओळीच्या सुरुवातीला घातला, तर दोन ओळींचे सांधे एकमेकांपासून फक्त १०० मिमी सरकतात. सांधे जवळपास एका रेषेत आले की अस्तराला तडा जायलाही तीच रेषा सापडते. दोन ओळींच्या सांध्यांत किमान २०० मिमी अंतर हवं, असं मी धरतो. या दिशेने घातलं तर कागदावर १४० बोर्ड लागतात, म्हणजे सगळ्यात कमी. तरीही ही मांडणी मी नाकारली.

दुसरी दिशा गच्चीच्या रुंदीला समांतर. ९.०० मीटरच्या ओळीत ७ पूर्ण बोर्ड ८.६४५ पर्यंत जातात, उरतात ३५५ मिमी. त्यासाठी आठव्या बोर्डातून ३७० चा तुकडा कापायचा, कारण १५ मिमी आधीच्या बोर्डाखाली जाणार. हातात राहतो ८८० चा भाग. तो पुढच्या ओळीची सुरुवात होतो. त्या ओळीत आणखी ६ पूर्ण बोर्ड बसतात आणि शेवटी ७१० ची जागा उरते. ७२५ कापले की ५२५ चा भाग राहतो, तो तिसऱ्या ओळीचं तोंड. तिसऱ्या ओळीच्या शेवटी १०८० चा तुकडा लागतो आणि १७० उरतात, ते बाजूला टाकायचे. चौथी ओळ पुन्हा पूर्ण बोर्डाने सुरू. म्हणजे दर तीन ओळींना ८ अधिक ७ अधिक ७ असे २२ बोर्ड. सांधे प्रत्येक वेळी ३५५ मिमीने सरकतात आणि फेरी नव्याने सुरू होताना ५२५ ने. तुकडाही ३५५ पेक्षा लहान कुठेच येत नाही. बोर्ड नुसता आडवा फिरवला आणि गच्चीचा स्वभावच बदलला.

या दिशेने ओळी गच्चीच्या लांबीत पुढे सरकतात, एकेक ५८५ ने. केबिन नसलेल्या टोकापासून सुरुवात केली. केबिन ७.७० मीटरवर लागते. १३ ओळी ७.६०५ पर्यंत जातात, म्हणून चौदावी ओळही पूर्ण लांबीची धरावी लागते. फक्त केबिनसमोरच्या २.६० मीटरमध्ये तिची जेमतेम ९५ मिमीची पट्टी लागते, म्हणून तिथले बोर्ड एल आकारात किंवा लांबीत चिरायचे. चार फेऱ्यांच्या १२ ओळींना ८८ आणि पुढच्या दोन ओळींना १५ मिळून १०३ बोर्ड झाले.

केबिनच्या शेजारच्या ओळी ६.४० मीटरच्या. इथे ५ पूर्ण बोर्ड ६.१७५ पर्यंत जातात आणि २२५ उरतात. तीच पद्धत चालवली तर पाच ओळींना २६ बोर्ड लागतात, सांधे दर ओळीला २२५ ने सरकतात. पंधराव्या ते एकविसाव्या अशा सात ओळी आहेत, त्यांना ३७ बोर्ड.

एकवीस ओळी १२.२८५ पर्यंत आल्या. कठड्यापाशी १६५ मिमीची एक पट्टी उरली, ६.४० मीटर लांब. यासाठी बोर्ड लांबीत चिरायचा. लॅपसकट पट्टी १८० ची, त्यामुळे ६०० च्या बोर्डातून तीन निघतील असं वाटतं, पण मधल्या पट्टीला कडच नसते. दोनच उपयोगी. त्यातही डावीकडच्या पट्टीची खालची कड बाहेर असते आणि उजवीकडच्या पट्टीची वरची. उजवीकडची पट्टी लांबीभोवती उलटी करून पालथी घातली की तिची कड खालची होते आणि एकविसाव्या ओळीखाली नीट जाते. मात्र उलट्या पट्ट्यांची टोकं सुलट्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. म्हणून सगळ्या सुलट्या एका बाजूला आणि सगळ्या उलट्या दुसऱ्या बाजूला ठेवायच्या. मध्ये जिथे दोघी भेटतात तिथली कड कापून सरळ भिडवायची. चौदाव्या ओळीत चिरलेल्या बोर्डांचे उरलेले भाग इथेच कामी येतात. त्यातून साधारण अडीच मीटर पट्टी निघते. राहिलेल्या चार मीटरला चार पट्ट्या, म्हणजे नवे दोन बोर्ड.

१०३ अधिक ३७ अधिक २, एकूण १४२.

पावसाच्या पाण्याच्या पाइपांच्या तोंडाशी बोर्ड कापून मोकळी जागा ठेवली, जाळी काढून कचरा साफ करता यावा म्हणून. त्यासाठी एकही बोर्ड कमी धरला नाही. भोकासाठी बोर्ड कापला तरी तो पूर्ण बोर्डच खर्ची पडतो.

या १४२ बोर्डांचं एकूण क्षेत्रफळ १०६.५ चौरस मीटर. गच्चीपेक्षा ६.८ चौरस मीटर जास्त. हे कुठे गेलं ते वेगळं काढून पाहिलं. लॅपमध्ये ३.९ आणि कापाकापीत २.९. ज्याला सगळे वेस्टेज म्हणतात त्यातला मोठा वाटा कचऱ्यात जातच नाही, तो सांध्यांत बसलेला असतो. म्हणून ‘पाच टक्के जास्त घ्या’ हा सल्ला मला पटत नाही. लॅपचा भाग बोर्डाच्या मापावर ठरतो आणि तो मोजता येतो. कापाकापीचा भाग गच्चीच्या आकारावर आणि बोर्डाच्या दिशेवर ठरतो. दोन्हींना एका टक्क्यात कोंबलं की एका गच्चीवर माल पडून राहतो आणि दुसरीवर कमी पडतो.

एक अट मात्र या १४२ मागे आहे. ओळीच्या शेवटी उरलेला भाग पुढच्या ओळीत गेलाच पाहिजे. प्रत्येक ओळ नव्या बोर्डाने सुरू केली तर हाच हिशेब असा होतो: चौदा ओळींना प्रत्येकी ८ म्हणजे ११२, सात ओळींना प्रत्येकी ६ म्हणजे ४२, आणि पट्टीला ३. एकूण १५७. पंधरा बोर्डांचा फरक, म्हणजे जवळजवळ दोन गठ्ठे.

कामगार मुद्दाम नासाडी करत नाहीत. एक ओळ संपली की माणूस जिथे उभा असतो तिथूनच परतीची ओळ सुरू करतो, आणि उरलेला तुकडा तिथे बसत नाही. डावीकडून उजवीकडे जाताना उरलेल्या भागाच्या उजव्या टोकाला वरची कड असते आणि कापलेलं टोक डावीकडे असतं. तो भाग फक्त डावीकडच्या कठड्यापाशीच बरोबर बसतो, कापलेलं टोक गोलाईला आणि कड पुढच्या बोर्डाकडे. उजवीकडे नेऊन कसाही फिरवला तरी कुठली ना कुठली कड चुकीच्या बाजूला येते. मग तो म्हणतो, तुकडा फिट होत नाही, आणि नवा बोर्ड उचलतो.

मिस्त्रीला हे हातात बोर्ड घेऊन दाखवलं. त्याने तुकडा दोनदा फिरवून पाहिला आणि म्हणाला, “म्हणजे साहेब, प्रत्येक वेळी मागे चालत यायचं आणि डावीकडूनच लावायचं.” एवढंच. त्याने लगेच पोराला सांगून कापलेले तुकडे डावीकडच्या कठड्यालगत ओळीने लावून ठेवले, वर विटा ठेवून. ५० मिमीचा बोर्ड दीड किलोचाही नसतो, संध्याकाळच्या वाऱ्यावर तो सहज खाली रस्त्यावर जाऊ शकतो.

अंथरताना आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवलं. सगळा हिशेब लॅप पूर्ण १५ मिमी बसेल या गृहीतावर आहे. कोबा खडबडीत असेल किंवा सांध्यात खडा अडकला असेल, तर लॅप पूर्ण मिटत नाही. एका सांध्यात २ मिमी उघडे राहिले तर दिसतही नाहीत, पण एकवीस ओळींत ते ४२ मिमी होतात आणि शेवटची पट्टी मापात बसत नाही. म्हणून पहिली ओळ लाइनदोरीवर सरळ घेतली, तिची कठड्याकडची कड कापून. मग पाच ओळी झाल्या की दोन्ही टोकांना टेप लावली. पाच ओळींची रुंदी २.९२५ मीटर यायला हवी. एका ठिकाणी ती ९ मिमी जास्त आली. तिथे बोर्डावर पाय ठेवला की तो डुलत होता. खाली कोब्याला एक उंचवटा होता, तो घासून काढला आणि त्या दोन ओळी पुन्हा बसवल्या. डुलणारा बोर्ड तसाच सोडला असता तर अस्तराचं वजन पडल्यावर त्याची अर्ध्या जाडीची कड मोडली असती आणि वरून काहीच कळलं नसतं.

सांधा नीट मिटला का ते तळहाताने कळतं. दोन बोर्डांवरून हात फिरवताना पायरी लागली तर खालची कड कुठेतरी टेकलेली आहे.

मागणी १८ गठ्ठ्यांची दिली, १४४ नग. सेक्रेटरींनी विचारलं, “दोनच जास्त पुरतील का? चार मजले जिन्याने चढवायचेत.” रास्त शंका होती. जिन्याच्या वळणावर बोर्डांचे कोपरे मोडतातच. पण कोपरा मोडलेला बोर्ड वाया जात नाही, तो ओळीच्या टोकाला कापून वापरता येतो, आणि असे कापायचे बोर्ड या गच्चीत वीसच्या वर होते. वर ७८५ आणि ५२५ मिमीचे उरलेले भागही हाताशी होते. एकोणिसावा गठ्ठा घेतला असता तर त्यातले बहुतेक बोर्ड केबिनमध्ये पडून राहिले असते. फक्त गठ्ठे चढवताना मिस्त्रीला सांगून ठेवलं, की मोडके वेगळे लावा आणि ओळीच्या शेवटी आधी तेच उचला.

पाच बोर्डांचे कोपरे मोडले, पाचही टोकांना लागले. काम संपल्यावर एक पूर्ण बोर्ड आणि काही तुकडे उरले. बोर्ड सोसायटीने ठेवून घेतला, कारण पुढे कधी पाइपासाठी गच्ची उघडावी लागली तर त्याच मापाचा आणि त्याच लॅपचा बोर्ड बाजारात पुन्हा मिळेलच असं नाही.